काठावरच्या आकड्यापासून टाइमकोडपर्यंत: माहितीपटाच्या लॉगची पार्श्वभूमी

लॉग म्हणजे कोणता शॉट, कोणतं वाक्य फुटेजमध्ये कुठे आहे याची यादी, आणि टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा. तो येण्याआधी शॉटचा पत्ता फिल्मच्या काठावर असायचा. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच ठरावीक अंतरावर अनुक्रमांक टाकलेले असत. फिल्म धुतली की ते दिसत आणि निगेटिव्हवरून काढलेल्या वर्कप्रिंटवरही उमटत. १६ मिमी फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम्स असतात, त्यामुळे ‘अमुक आकडा, पुढे १३ फ्रेम्स’ एवढं लिहिलं की नेमकी फ्रेम सापडे.

माहितीपटात अडचण यायची ती आवाजाची. आवाज वेगळ्या मॅग्नेटिक फिल्मवर असे आणि तिच्या काठावर हे आकडे नसत. म्हणून रशेस, म्हणजे चित्रित केलेल्या फिल्मच्या न कापलेल्या प्रती, हातात आल्या की आधी क्लॅपच्या आधाराने चित्र आणि आवाज जुळवायचे, मग दोन्ही फिल्म नंबर छापणाऱ्या यंत्रातून काढायच्या. दोन्हींच्या काठावर शाईचा एकच आकडा बसे. लॉग आणि मुलाखतींचे टाइप केलेले उतारे या शाईच्या आकड्यांना धरून लिहिले जात. हा क्रम चुकवून आधी उतारा टाइप केला, तर तो वाचायला कितीही चांगला असला तरी एडिटिंग टेबलावर निरुपयोगी ठरे, कारण त्यातलं वाक्य कुठल्या डब्यात आहे हे कोणालाच सांगता येत नसे. ४०० फुटांचा रोल सेकंदाला २५ फ्रेम्सच्या वेगाने १० मिनिटं ४० सेकंदांत संपे. एका रोलसाठी लॉगचं स्वतंत्र पान ठेवायची पद्धत तेव्हाची, आणि आज रोलच्या जागी कार्ड आलं तरी ती मोडू नये.

व्हिडिओटेपला असा काठ नव्हता. टेप डोळ्यांसमोर धरून काहीच दिसत नाही, म्हणून आकडा टेपवरच सिग्नलच्या रूपात नोंदवावा लागला. अमेरिकेतल्या ईको कंपनीने १९६७ साली अशी पद्धत आणली आणि पुढच्या दशकात एस.एम.पी.टी.ई. या संस्थेने तिचं प्रमाणीकरण केलं. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम अशा चार जोड्या तेव्हापासून रूढ झाल्या. भारतात टीव्हीची पाल पद्धत असल्याने सेकंदाला २५ फ्रेम्स येतात आणि हिशेब सरळ राहतो. अमेरिकेत तो वाकडा झाला. तिथे रंगीत टीव्ही २९.९७ फ्रेम्सवर चालतो, पण आकडे ३० धरून मोजले जातात. त्यामुळे घड्याळात एक तास पूर्ण होतो तेव्हा टाइमकोड 00:59:56:12 वरच असतो. ही तफावत भरून काढण्यासाठी ड्रॉप-फ्रेम पद्धत निघाली. तिच्यात फ्रेम एकही गळत नाही. दर मिनिटाला दोन आकडे वगळले जातात, फक्त प्रत्येक दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. अमेरिकेत चित्रित झालेलं फुटेज पुण्या-मुंबईत लॉग करायला घेताना फुटेज ड्रॉप आहे की नॉन-ड्रॉप हे लॉगच्या माथ्यावर आधी लिहावं.

टेपच्या काळात लॉग करणाऱ्याला मास्टर टेपला हात लावायची मुभा नसे. मागेपुढे करून टेप झिजते आणि मास्टर एकच असतो. म्हणून टाइमकोड चित्रातच छापलेली व्ही.एच.एस. प्रत काढून दिली जाई. घरच्या टीव्हीवर पॉज करत, चौकटीतले आकडे वाचून कागदावर उतरवायचे. चित्रात छापलेल्या आकड्यांचा फायदा असा की टेप थांबलेली असतानाही ते वाचता येतात. ऑडिओ ट्रॅकवर नोंदवलेला टाइमकोड मात्र टेप फिरत असेल तरच वाचला जातो. तोटा हा की धूसर प्रतीत 3, 8 आणि 0 एकसारखे दिसतात. अशी चूक पकडायची तर प्रत्येक ओळीत शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून पाहायची. उत्तर उणे आलं किंवा पाच सेकंदांच्या वाक्याला पाच मिनिटं लागलेली दिसली, की ती ओळ पुन्हा तपासायची.

टेपला नाव द्यायची युक्तीही याच काळातली. कॅमेऱ्यात घातली जाणारी बीटाकॅम एस.पी. कॅसेट अर्ध्या तासाची असे, म्हणजे तासाचा रकाना मोकळाच राही. मग सातव्या टेपचा टाइमकोड 07:00:00:00 पासून सुरू करायचा, की आकडा पाहताच टेप कळे. पण तास 23 वर संपतात. चोविसावी टेप 00 वर घातली तरी पंचविसाव्या टेपला आधीचाच एखादा तास पुन्हा वापरावा लागे. त्यामुळे टेप क्रमांकासाठी स्वतंत्र रकाना लागतोच. आज घड्याळाच्या वेळेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे नेमका हाच घोटाळा नव्याने होतो: तीन दिवस चित्रीकरण झालं तर 14:29:45 ही वेळ तीनदा येते. कार्ड क्रमांकाशिवाय लिहिलेला टाइमकोड अपुरा आहे.

डीव्ही टेप आल्यावर तुटलेल्या टाइमकोडने फार छळलं. चित्रित केलेलं पाहायला टेप मागे घेतली आणि पुन्हा रेकॉर्ड करताना मध्ये कोरा तुकडा राहिला, तर कॅमेऱ्याला मागचा आकडा सापडत नाही आणि तो पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. एकाच टेपवर 00:03:10:00 दोनदा येतं. लॉगमध्ये वेळ मध्येच मागे उडी मारते तिथे हेच घडलेलं असतं. शिवाय टेप चालवणाऱ्या डेकला इन-पॉइंटच्या, म्हणजे शॉट जिथून घ्यायचा त्या वेळेच्या, काही सेकंद आधी मागे जाऊन वेग धरावा लागतो. त्या अंतरात टाइमकोड तुटलेला असेल तर तो शॉट आपोआप कॅप्चर होत नाही. उपाय म्हणजे त्या टेपची सलग टाइमकोडची नवी प्रत करणं. पण ती लॉग लिहिण्याआधी करावी लागते, नाहीतर सगळा लॉग जुन्या आकड्यांचा राहतो.

संगणकावरच्या एडिटिंगने लॉगचं काम आधी वाढवलं आणि मग ते ढिलं पाडलं. १९८९ साली ॲव्हिड ही एडिटिंग यंत्रणा आली तेव्हा हार्ड डिस्क इतकी महाग होती की सगळं फुटेज आत घेणं परवडत नसे. काय डिजिटाइझ करायचं हे लॉगच ठरवे. त्या यादीसाठी बनलेली ए.एल.ई. ही साधी मजकूर-फाइल आजही चालते. रकान्यांमध्ये टॅब असतो आणि डोक्यावर फ्रेम रेट:

```
Heading
FIELD_DELIM	TABS
VIDEO_FORMAT	1080
FPS	25

Column
Name	Tracks	Start	End	Tape

Data
K07_mulakhat	VA1A2	14:22:10:00	14:41:03:12	K07
```

पुढे डिस्क स्वस्त झाल्या, सगळंच आत येऊ लागलं आणि ‘एडिटर बघून घेईल’ म्हणत लॉग टाळला जाऊ लागला. त्यातच कॅनन ५डी मार्क २ सारखे स्थिरचित्रांचे कॅमेरे २००८ पासून माहितीपटांच्या हातात आले. त्यात खरा टाइमकोड नव्हता. प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू होई आणि ४ जीबी भरले, म्हणजे साधारण बारा मिनिटं झाली, की रेकॉर्डिंग थांबे. अशा दोन फाइलींचा आवाज सलग जोडून उतारा लिहिला, तर दुसऱ्या फाइलीतल्या सगळ्या वेळा चुकतात. पहिली फाइल 12:02 ची असेल, तर जोडलेल्या आवाजात 19:35 ला ऐकू येणारं वाक्य प्रत्यक्षात दुसऱ्या फाइलीत 07:33 ला असतं.

आज सर्वांत जास्त होणारी चूक याचीच बहीण आहे. उतारा लिहिणाऱ्याला हलकी ऑडिओ फाइल दिली जाते आणि तिच्यात वेळ शून्यापासून चालते. वर ए.एल.ई.मध्ये दिलेली K07 ची मुलाखत घेऊ. क्लिप 14:22:10:00 ला सुरू होते. ऑडिओ प्लेअरवर 00:07:35 ला हे वाक्य येतं: “मोबदल्याचे पैसे आम्हाला वेळेवर मिळाले, असं मी म्हणणार नाही.” उताऱ्यात लिहायची वेळ म्हणजे दोन्हींची बेरीज, 14:29:45. ही बेरीज एडिटरवर सोडू नये. शंभर वाक्यांत एकदा तरी ती चुकतेच. फ्रेमपर्यंत अचूक लिहायची गरज नाही, सेकंद पुरे. मात्र ऐकून पॉज दाबेपर्यंत जवळपास सेकंद निघून जातो, म्हणून इन-पॉइंट एक-दोन सेकंद आधीचा लिहावा. नाहीतर वाक्याचा पहिला शब्द कापला जातो.

हेच वाक्य मुद्दाम घेतलं, कारण मराठीत नकार शेवटी येतो. मराठी न कळणाऱ्या एडिटरला नुसतं इंग्रजी भाषांतर दिलं, तर त्यात नकार सुरुवातीलाच असतो. तो ‘मिळाले’नंतरच्या श्वासावर कट मारतो आणि माणसाच्या तोंडी नेमकं उलटं विधान जातं. म्हणून मूळ मराठी आणि भाषांतर शेजारी-शेजारी, एकेका वाक्याला एक ओळ, असं ठेवावं आणि कट कुठे चालणार नाही ते खुणेने दाखवावं: ‘14:29:49 — इथे तोडू नये, नकार पुढे आहे’. बोली आहे तशीच लिहावी. मालवणीत किंवा अहिराणीत बोललेलं प्रमाण मराठीत शुद्ध करून लिहिलं, तर एडिटर कागदावरचा शब्द कानाने शोधत बसतो आणि तो फुटेजमध्ये नसतो. लांब उत्तरात दर अर्ध्या मिनिटाला वेळ टाकावी. कुकरची शिट्टी, विचारणाऱ्याचा मध्येच आलेला ‘हं’, लांब विराम हेही नोंदवावं, कारण वाक्य चांगलं असूनही वापरता येणार की नाही ते यावरच ठरतं.

मराठी उताऱ्यांना आणखी एक पदर आहे. श्री-लिपि, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत अक्षरं देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली इंग्रजी चिन्हं असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर विस्कटतो आणि ‘पाणी’ असा शोध घेतला तर काहीच सापडत नाही. युनिकोडने हे सुटलं तरी एक खाच उरली. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र काही कळफलक ऱ आणि हलन्त जोडून लिहितात, तर काही साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगळे वाटतात. दोघांनी मिळून लॉग केला असेल, तर सगळ्या फाइलींत एकच रूप बदलून घ्यावं.

लॉग एडिटरकडे देण्याआधी प्रत्येक कार्डावरच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन वेळा एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून ऐकाव्यात. तिन्ही सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील, तर क्लिपच्या सुरुवातीची वेळ मिळवायची राहिली आहे. सुरुवात बरोबर आणि पुढे चूक हळूहळू वाढत गेलेली असेल, तर फ्रेम रेट चुकीचा धरला आहे. आणि एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर असून त्यापुढे अचानक मोठी उडी असेल, तर तिथे दोन फाइलींचा जोड आहे.