स्वप्नातला साप आणि ओपनचा आकडा

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर पहाटे पाव घेऊन पोदेर यायच्या आधीच स्वप्नांची देवघेव सुरू व्हायची. कुणाच्या स्वप्नात साप आलेला, कुणाच्या वारलेली आजी, तर कुणी भरल्या विहिरीत पाय सोडून बसलेला. ऐकणारा स्वप्नाचा अर्थ विचारत नसे. "मग आकडा कितीचा?" एवढंच विचारी. उत्तरही लगेच मिळे आणि दुपारपर्यंत टिंटोवर, म्हणजे बाजारात, मटका घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर ते उतरलेलं असे. लहानपणी मला वाटायचं, ही रीत फार जुनी, वाडवडिलांपासून चालत आलेली असणार. तशी ती नाही. तिचा उगम शोधला की या श्रद्धेकडे पाहण्याची नजरच बदलते, म्हणून हे लिहितो आहे.

स्वप्नाला अर्थ असतो ही समजूत आपल्याकडे खरोखरच जुनी आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडलेलं. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असं तिथेच वैद्याला बजावलं आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने स्वप्न गंभीरपणे घेतलं, त्यानेच बहुतेक स्वप्नं बाजूला काढली. पुढच्या काळातल्या स्वप्नफलाच्या पोथ्यांत हत्ती दिसला तर शुभ, अमुक दिसलं तर अशुभ, असली फळं सांगितलेली असतात. गोव्यातल्या देवळांत कौल लावतात तेव्हाही देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, एवढंच पाहतात आणि त्यातून होकार किंवा नकार मिळतो. शुभ की अशुभ, हो की नाही, इथवर ही परंपरा येते. "साप म्हणजे अमुक आकडा" हे तिच्यात नाही, कारण आकडा लागणारा खेळच तेव्हा समोर नव्हता.

तो खेळ मुंबईत आला, तोही कापसाच्या वाटेने. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत आणि लोक त्या भावांतल्या आकड्यांवर पैसे लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं आणि आकड्यांचा हा स्रोत आटला. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापली सोडत सुरू केली. चिठ्ठ्या मडक्यातून काढत, म्हणून तो मटका. पुढे पत्ते आले. तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. पुन्हा तीन पानं काढली की क्लोज. दोन्ही मिळून जोडी. मुंबईशी गोव्याचा रोजचा संबंध, त्यामुळे हा खेळ इकडे मुरायला अडचण आली नाही. 1976 च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायद्याने तो गुन्हा ठरतो, तरी गावोगाव तो चालत आला आहे.

कापसाच्या भावावर लावणाऱ्याला निदान बाजाराबद्दल काही तर्क करता येई. मडक्यातल्या चिठ्ठीबद्दल करण्यासारखा तर्कच उरला नाही. शून्य ते नऊ हे दहा अंक आणि त्यातला एक निवडायला कुठलाही आधार नाही. ही रिकामी जागा स्वप्नाने भरून काढली. गरज आधी आकड्याची निर्माण झाली, स्वप्नाला आकडा मागाहून चिकटला.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. नेपल्समध्ये लोट्टोच्या सोडतीत 1 ते 90 असे आकडे असतात. तिथे स्वप्नाचे अर्थही बरोबर नव्वद आहेत: मेलेला माणूस 47, तोच बोलू लागला तर 48, भीती 90. ब्राझीलमध्ये 1892 साली रिओच्या प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटांवरून प्राण्यांचा जुगार निघाला. त्यात पंचवीस प्राणी, म्हणून तिथल्या माणसाचं स्वप्न पंचवीसांपैकी एका प्राण्यात बसवलं जातं. मुंबई-गोव्यात तेच स्वप्न दहा अंकांत बसतं. मेलेली आजी नेपल्समध्ये एक आकडा देणार, फोंड्यात दुसरा. खेळात जेवढी घरं, तेवढेच स्वप्नाचे अर्थ. आजीला खरंच काही सांगायचं असतं, तर तिचा निरोप खेळाच्या नियमांप्रमाणे का बदलला असता?

"पण आकडा येतो ना!" असं वाड्यावरची माणसं म्हणत आणि ती खोटं बोलत नव्हती. आकडा खरोखरच येतो. कसा, ते एका जोडीवर पाहू.

समजा, एकाने स्वप्नावरून 47 ही जोडी धरली. सोडत प्रामाणिक असेल तर शंभरात एक वेळ ती लागणार. भाव साधारण नव्वदपट, म्हणजे दहा रुपयांना नऊशे. हा माणूस वर्षातून तीनशे दिवस, रोज वेगवेगळ्या स्वप्नावरून, दहा रुपये लावतो. वर्षभरात निदान एकदा जोडी लागण्याची शक्यता किती? सुमारे 95 टक्के. म्हणजे वर्षभर खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे "स्वप्नात दिसलं आणि आलं" अशी एक तरी खरी गोष्ट असते. सरासरीने पाहिलं तर तीन हजार घालून सत्तावीसशे परत येतात. तीनशे रुपये कुणी मोजत नाही आणि नऊशेची गोष्ट आयुष्यभर सांगितली जाते.

त्याहून मोठा चकवा चुकलेल्या दिवसांचा. 47 धरली आणि 43 आली तर "ओपन बरोबर होता". 87 आली तर "क्लोज बरोबर होता". अशा, एक अंक जागच्या जागी जुळणाऱ्या, अठरा जोड्या आहेत. 74 आली तर ती पलटी. शिवाय मटक्यात पाचाच्या फरकाने कट धरतात, चाराचा कट नऊ आणि साताचा कट दोन, म्हणून 92 आली तरी "स्वप्न बरोबर, मी कट धरायला हवा होता". हे सगळं मिळून वीस जोड्या होतात. पाचातल्या एका दिवशी स्वप्न थोडक्यात हुकल्यासारखं वाटणार. पैसे गेले तरी विश्वास वाढतो, तो असा. आणि दोष नेहमी वाचणाऱ्याच्या माथी येतो. स्वप्न निर्दोषच राहतं.

अंकशास्त्राचा रस्ता वेगळा, पण गोव्यात त्याची परीक्षा फार सोपी आहे. नावाच्या रोमन अक्षरांना अंक देऊन बेरीज करायची आणि आलेला अंक शुभ मानायचा, ही पद्धत आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी पुस्तकांतून आली. विसाव्या शतकात ती लोकप्रिय करण्यात कीरो या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश ज्योतिषाचा मोठा वाटा होता. तिच्यात दोन कोष्टकं चालतात, पायथागोरसच्या नावाचं आणि खाल्डियन म्हणतात ते. आता गोव्यातलं नाईक हे आडनाव घ्या. पोर्तुगीज कागदांवर ते Naique, आताच्या कागदांवर Naik. पायथागोरसच्या कोष्टकाने Naik ची बेरीज 17, म्हणजे 8 येते आणि Naique ची 31, म्हणजे 4. खाल्डियन कोष्टकाने Naik चे 9 होतात, तर Naique चे 19, त्यांचे 10 आणि शेवटी 1. घर तेच, कुलदैवत तेच, आणि भाग्यांक चार. आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक आणि नातवाच्या आधार कार्डावर दुसरा. आणि देवनागरीत "नाईक" लिहिलं तर ही कोष्टकं गप्पच बसतात. आपल्याकडे अक्षरांना अंक देणारी कटपयादि पद्धत होती, पण ती मोठ्या संख्या श्लोकात बांधून लक्षात ठेवण्यासाठी. नाव मोजून नशीब काढायला ती केलेली नव्हती.

सरकारी लॉटरीचं गणित आणखी निराळं. 1998 च्या लॉटरी नियमन कायद्यात एकेरी अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस ठेवायला मनाई आहे. कागदी तिकिटावर क्रमांक छापलेलाच असतो. शेवटी आपला अंक असलेलं तिकीट गड्ड्यातून शोधत अर्धा तास उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. त्या शोधाने त्यांचं नुकसान काही होत नाही, पण उरलेल्या गड्ड्यातल्या कुठल्याही तिकिटापेक्षा त्या तिकिटाची शक्यता तसूभरही वाढत नाही.

मटक्यात मात्र श्रद्धेने प्रत्यक्ष तोटा होऊ शकतो. गावात अपघात झाला की गाडीच्या पाटीवरचा आकडा सगळे लावतात. एका आकड्यावर भार आला की घेणारा तो आपल्या वरच्या माणसाकडे उतरवतो किंवा घेणंच बंद करतो. कुठे किती भार आहे हे वरच्या माणसाला कळतं आणि सोडत तपासायची सोय खेळणाऱ्याला नसते. मी वर केलेला सगळा हिशेब प्रामाणिक सोडतीचा आहे. ती तशी नसेल, तर सगळ्यांना एकाच वेळी सुचलेला आकडा सर्वांत वाईट ठरतो.

मग स्वप्नावर आकडा लावणाऱ्या आपल्या माणसाशी बोलायचं कसं? "अंधश्रद्धा" हा शब्द काढला की बोलणं तिथेच संपतं, हे मी अनुभवलं आहे. आमच्या शेजारच्या मावशींना मी फक्त एक विनंती केली. सकाळी उठल्याउठल्या दिनदर्शिकेच्या चौकोनात स्वप्न आणि एकच अंक लिहायचा, पैसे लावा किंवा लावू नका. ओपन आल्यावर खोडायचं नाही, कट आणि पलटी धरायची नाही. हे आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण एका स्वप्नातून हवा तो अंक नंतर काढता येतो: दोन घागरी होत्या, तीन पायऱ्या होत्या, घराचा नंबर पाच होता, आणि सहा आला तर दोन गुणिले तीन.

मावशींनी साठ दिवस नेमाने लिहिलं. ओपन पाच वेळा जुळला. नुसत्या योगायोगाने सहा वेळा जुळायला हवा होता. त्यांनी चौकोन स्वतःच दोनदा मोजले आणि मग मधल्या पानांवर बोट ठेवलं. तिथे सलग आठ दिवस त्यांचे वारलेले यजमान स्वप्नात आले होते. ते दिवस त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आसपासचे होते, हे तोवर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आकड्यांचं बोलणं तिथेच राहिलं आणि ते दर्यावर कसे जायचे, हे त्या बराच वेळ सांगत बसल्या.