मलपृष्ठाचा मजकूर पाठवण्यापूर्वी : आमच्या कादंबरीकारांसाठी

मलपृष्ठासाठी मजकूर मागितला की बहुतेक लेखक कादंबरीचं कथासार पाठवतात. कथासार संपादकासाठी असतं, त्यात शेवट हवाच. ब्लर्ब असतो दुकानात पुस्तक उलटून पाहणाऱ्यासाठी. त्याला गोष्टीची ओढ लागावी, इतकंच त्याचं काम.

समजा, कादंबरी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात, 2019 च्या महापुरात घडते. आलेला मजकूर असा : ‘पूर आला तरी घर न सोडणारी आक्का आणि चोरीचा खोटा आळ आल्यामुळे परागंदा झालेला तिचा मुलगा यांची हृदयस्पर्शी कथा. अखेर माडीवरची ट्रंक उघडते आणि मायलेकांची भेट होते.’

यातलं ‘अखेर’नं सुरू होणारं वाक्य काढलं की झालं, असं वाटतं. पण खरी चुगली ‘खोटा’ हा शब्द करतो. मुलगा निर्दोष आहे हे तिथंच कळलं, मग ट्रंकेत काय आहे याची उत्सुकता कशाला राहील? ‘हृदयस्पर्शी’ही काढा, ते वाचकाला ठरवू द्या.

आम्ही हाच मजकूर असा करू : ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडलीय. गाव रिकामं होतंय. आक्का मात्र माडीवरच्या ट्रंकेची किल्ली कमरेला खोचून बसून आहे. तिला न्यायला नाव आलीय, आणि वल्ही मारतोय तो बारा वर्षांपूर्वी चोरीचा आळ घेऊन गेलेला तिचा मुलगा.’

माणूस, त्याची अडचण आणि हातात उरलेला वेळ एवढं आलं की थांबायचं. कादंबरीच्या पहिल्या पाव भागापलीकडचं सहसा काही घ्यायचं नाही. नावं दोनच, शब्द शंभराच्या आत. बारकोडलाही जागा लागते.

प्रस्तावनेतला उतारा उचलून देऊ नका, ही खास विनंती. प्रस्तावनाकार पूर्ण कादंबरी वाचून लिहितो, त्यामुळे त्याच्या कौतुकातच शेवट येऊन बसतो. असं काही छपाईच्या तोंडावर लक्षात आलं, की मुखपृष्ठाच्या प्लेट पुन्हा काढाव्या लागतात आणि लॅमिनेशन, बाइंडिंग सगळंच पुढं ढकललं जातं. म्हणून मुखपृष्ठाचं प्रूफ आम्ही लेखकाच्या सहीशिवाय पुढं पाठवत नाही. काहींना हा उशीर वाटतो, पण प्लेटचा खर्च वाचतो तो तुमचाच.

‘शेवट छापायचा नाही, तर संपूर्ण हस्तलिखित कशाला मागता?’ असंही विचारलं जातं. काय लपवायचं ते माहीत असल्याशिवाय ते लपवता येत नाही, म्हणून. हस्तलिखितासोबत शेवटासह एक पानी कथासार द्या. त्यावरून मलपृष्ठाचा मजकूर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची चार ओळींची जाहिरात आम्ही लिहून देतो. मुखपृष्ठाचं काम आमच्याकडे असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीत.