खाडीच्या चिखलातलं लाकूड किती जुनं? तुमच्या रिपोर्टमधला आकडा कसा येतो ते समजून घ्या

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वागळे इस्टेट, ठाणे

नमस्कार. आमच्याकडे सॅम्पल देणाऱ्यांपैकी निम्मे लोक रिपोर्ट हातात पडल्यावर फोन करतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, की अहो तुम्ही लिहिलेलं वय आणि आम्ही कॅल्क्युलेटरवर काढलेलं वय जुळत नाहीये, चूक कोणाची. चूक कोणाचीच नसते, पण ते फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. एकदा शांतपणे वाचा, एक खरं सॅम्पल घेऊनच सांगतोय.

उलव्याला एका साइटवर पायलिंग चालू होतं. साधारण सहा मीटर खाली काळ्या मऊ चिखलात लाकडाचा एक ओंडका लागला, तिवराचा असावा असं तिथल्या मजुरांचंच म्हणणं. साइट इंजिनियर सॅम्पल घेऊन आमच्याकडे आला. लाकूड दिसायला काळं, ओलं, नखाने खरवडलं तर साबणासारखं सुटायचं, पण कडेला वर्तुळं अजून दिसत होती. त्याला एवढंच हवं होतं की हा चिखल साधारण कधी साचला. अशा कामाला कार्बन १४ चांगला.

झाड जिवंत असतं तोवर पानांतून हवेतला कार्बन घेत राहतं आणि त्या कार्बनमध्ये अगदी किंचित कार्बन १४ असतो, जो वरच्या हवेत अवकाशातल्या किरणांमुळे सतत नव्याने तयार होत असतो. झाड मेलं की नवीन येणं बंद, आणि आत जो आहे तो हळूहळू विघटित होत जातो. किती हळू, तर ५७३० वर्षांत अर्धा. ह्यालाच हाफ लाइफ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अर्धायुष्य म्हणून होतं तेच.

इथे पहिली गफलत होते. ५७३० वर्षांत अर्धा गेला म्हणजे पुढच्या ५७३० वर्षांत उरलेला सगळा जाणार असं नाही, उरलेल्याचा अर्धा जातो. डब्यात खोबऱ्याच्या ६४ वड्या आहेत आणि घरात रोज उरलेल्यातल्या अर्ध्याच खायच्या असं ठरलंय समजा, तर पहिल्या दिवशी ३२ जातील, दुसऱ्या दिवशी १६, तिसऱ्या दिवशी ८. सुरुवातीला भराभर कमी होतं, मग सावकाश. म्हणून सरळ त्रैराशिक मांडून वय काढलं तर चुकतं.

उलव्याच्या लाकडात मशीनने मोजलेला उरलेला भाग होता 0.62, म्हणजे सुरुवातीच्या १०० पैकी ६२ शिल्लक. त्या इंजिनियरने आमच्यासमोरच त्रैराशिक केलं, ५० जायला ५७३० वर्षं तर ३८ जायला किती, आणि उत्तर काढलं ४३५५. खरं गणित असं आहे:

```
वय = (5730 / 0.6931) × ln(1 / f)
   = 8267 × ln(1 / 0.62)
   = 8267 × 0.478
   = 3952 वर्षं
```

f म्हणजे उरलेला भाग. 0.6931 हा 2 चा ln आहे, तो भागाकार एकदाच करून 8267 हा आकडा लक्षात ठेवला की काम झालं. फोन आडवा धरला की बऱ्याच फोनमध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर दिसतो, पण त्यात ln आणि log ही दोन वेगळी बटणं असतात आणि इथे ln च दाबायचं. log दाबलंत तर ह्याच लाकडाचं वय १७१६ येईल आणि आकडा इतका सभ्य दिसतो की संशयसुद्धा येत नाही. उलटं तपासायची सोपी रीत म्हणजे f अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर वय ५७३० च्या आत, पाव ते अर्धा असेल तर ५७३० ते ११,४६० च्या मध्ये. 0.62 हे अर्ध्याच्या बरंच जवळ आलंय, तेव्हा १७१६ कमी पडतं हे लगेच कळायला हवं.

मग रिपोर्टवर ३८४० का छापलंय?

फोन येतात ते ह्याच्यावरून. विलार्ड लिबी ह्यांनी ही पद्धत १९४० च्या दशकाच्या शेवटी बसवली, १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना ह्याच कामासाठी मिळालं. तेव्हा हाफ लाइफ ५५६८ वर्षं धरली गेली होती. नंतर जास्त नेमकी मोजणी होऊन ५७३० ठरली, पण तोवर जगभर जुन्या आकड्यावर शेकडो वयं छापून झाली होती, म्हणून सगळ्या लॅबनी मिळून ठरवलं की रिपोर्टवर वय ५५६८ नेच लिहायचं, नाहीतर जुनं आणि नवं एकमेकांशी ताडून बघताच येणार नाही. ५५६८ घेतली की 8267 च्या जागी 8033 येतो आणि आपल्या लाकडाचं वय ३८४० होतं. ह्या वयापुढे बीपी लिहिलेलं असतं, म्हणजे १९५० सालापासून मागे मोजलेली वर्षं, आजपासून नाही.

पण हे ३८४० सुद्धा कॅलेंडरची वर्षं नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. उरलेला भाग म्हणजे आत्ताचं भागिले सुरुवातीचं. आत्ताचं आपण मशीनवर मोजतो. सुरुवातीचं कोणी मोजलंय, चार हजार वर्षांपूर्वी उलव्याला मशीन घेऊन कोणी उभं नव्हतं. आपण एक ठरलेला आकडा धरतो की हवेत तेव्हा एवढा कार्बन १४ असणार, पण प्रत्यक्षात तो काळानुसार थोडा वरखाली होत आलाय. हाफ लाइफ इकडची तिकडे होत नाही, लाकूड उन्हात असो की चिखलात, तिला फरक पडत नाही. वय चुकतं ते बहुतेक वेळा ह्या भागाकाराच्या खालच्या आकड्यामुळे.

सुदैवाने जुन्या झाडांची वर्तुळं एकेक वर्षाने मोजून, त्यातला कार्बन १४ तपासून, तुलनेचा तक्ता केलेला आहे. त्या तक्त्यावर ३८४० टाकलं की आपलं लाकूड १९५० च्या साधारण ४१५० ते ४४०० वर्षं आधीचं निघतं. रिपोर्टमधली तिसरी ओळ ती, आणि तुमच्या कामाला तीच वापरा. एकच आकडा न देता पट्टा देतो त्यावर काही लोक नाराज होतात, पण खरं तेवढंच सांगता येतं.

म्हणूनच चिखलातले शिंपले आणलेत तर आम्ही आधी विचारतो की सोबत लाकूड किंवा पानं मिळतील का. शिंपला कार्बन घेतो समुद्राच्या पाण्यातून, आणि समुद्रात खोल फिरून आलेला जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे त्याची सुरुवातच हवेपेक्षा कमी असते आणि आज काढलेला जिवंत शिंपलासुद्धा काहीशे वर्षं जुना निघू शकतो. दुरुस्ती करता येते, पण लाकूड मिळालं तर ते बरं.

सॅम्पल खराब कशाने होतं

पायलिंगच्या मशीनमधून गळणारं डिझेल हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू. डिझेल कोट्यवधी वर्षं जुन्या जीवांपासून बनलेलं, त्यात कार्बन १४ शून्य. तुमच्या सॅम्पलच्या कार्बनमध्ये ५ टक्के डिझेलचा आला तर f 0.62 वरून 0.589 वर येतो आणि वय ४२४ वर्षांनी वाढतं, आणि गंमत म्हणजे सॅम्पल कितीही जुनं असलं तरी वाढ हीच ४२४ राहते, गणितच तसं आहे.

उलटी बाजू म्हणजे ताजा कार्बन, आणि तो तसा वागत नाही. वरच्या जिवंत तिवरांची बारीक मुळं खाली शिरलेली असतात. ती ५ टक्के मिसळली तर आपलं ३९५२ वर्षांचं लाकूड ३७०२ वर येतं, म्हणजे अडीचशे वर्षांचा फरक, चालवून घेऊ. पण तेवढाच ताजा कार्बन खऱ्या ४०,००० वर्षांच्या लाकडात शिरला तर वय एकदम २३,६०० दाखवेल. त्यात स्वतःचा कार्बन १४ शंभरात एकही उरलेला नसतो, त्यामुळे बाहेरून आलेलाच मोजला जातो. म्हणून सॅम्पल जितकं जुनं तितकी सफाई कडक लागते.

सफाई आम्ही करतो, आधी ॲसिड, मग अल्कली, मग परत ॲसिड, मधे मधे पाण्याने धुणं. अल्कलीत जे काळपट पाणी सुटतं ते मातीतलं, कुजलेल्या पानांचं वगैरे झिरपून आलेलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबत नाही. मुळं भिंगाखाली चिमट्याने काढावी लागतात, ती ॲसिडने जात नाहीत. डिझेलचा वास आला तर आधी सॉल्व्हंटने धुतो, आणि तरीही वास राहिला तर सॅम्पल परत देतो, पैसे घेत नाही.

मशीनची स्वतःची चूकही असतेच. आपल्या लाकडाला ती 0.003 इतकी होती, वयात सुमारे ४० वर्षं इकडे तिकडे. तीच 0.003 ची चूक f 0.004 असताना झाली तर वय ४१,००० ते ५७,००० मध्ये कुठेही असू शकतं. म्हणून साधारण ५०,००० वर्षांच्या पुढे आम्ही आकडा देतच नाही, एवढ्यापेक्षा जुनं असं लिहितो.

आणि अगदी अलीकडचंही जमत नाही. वाड्याचा खांब अडीचशे वर्षांचा की दीडशेचा हे विचारायला येतात लोक, पण १६५० नंतरच्या काळात तुलनेचा तक्ता इतका सपाट आणि वळणावळणाचा आहे की एका f ला दोन तीन वेगवेगळे काळ जुळतात. शिवाय कार्बन १४ सांगतो ते वर्तुळ वाढलं तो काळ, खांब बसवला तो नाही. खोडाच्या मधल्या गाभ्याचं सॅम्पल दिलंत तर झाड जितकी वर्षं जगलं तितकं वय जास्त येणार. ओंडका सापडला तर सालीजवळचं बाहेरचं वर्तुळ द्या.

लाकूड नखभर पुरतं, तरी आम्ही अंगठ्याएवढं मागतो कारण सफाईत अर्ध्याहून जास्त जातं. काढताना हातमोजे घाला, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घाला. वर्तमानपत्रात किंवा कापसात नको, त्यांचे धागे चिकटतात आणि तोही ताजा कार्बनच. बुरशी येऊ नये म्हणून कसलाही स्प्रे मारू नका, फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीझरची गरज नाही. चिठ्ठी आत टाकू नका, पिशवीवर बाहेरून मार्करने लिहा: साइट, किती मीटर खाली, कोणत्या तारखेला काढलं, आणि जवळ डिझेलचं मशीन होतं का.