आघाडी आणि भाकीत: निकालाच्या दिवशी पडद्यावर दिसणारे दोन वेगळे आकडे

मतमोजणीच्या दिवशी बेळगावात एकाच घरात दोन भाषांतल्या वाहिन्या आलटून पालटून लावल्या जातात. कन्नड वाहिनीवर ‘मुन्नडे’ आणि ‘गेलुवु’ असे दोन शब्द येतात, मराठी वाहिनीवर ‘आघाडी’ आणि ‘विजयी’. शब्द नेमके आहेत, पण फलकावर दोन्ही आकड्यांची बेरीज करून पक्षाच्या नावापुढे एकच मोठा आकडा लावला जातो आणि त्यावर विश्लेषकांची चर्चा सुरू होते. मग परदेशातल्या एखाद्या निवडणुकीची जुनी चित्रफीत पाहिली, की तिथला निवेदक ‘हे राज्य अमुक उमेदवाराने जिंकले’ असे म्हणतो तेव्हा तोही आपल्यासारखी आघाडीच सांगतो आहे, असा समज होतो. वास्तविक तो निराळीच गोष्ट सांगत असतो.

आघाडी म्हणजे आतापर्यंत मोजलेल्या मतांतला फरक. ती झालेल्या मोजणीची नोंद असते आणि न मोजलेल्या मतांबद्दल काहीही सांगत नाही. आपल्याकडे सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू होते, नंतर यंत्रे उघडली जातात, आणि साधारणपणे एका विधानसभा क्षेत्रासाठी 14 टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एक यंत्र मोजून झाले की एक फेरी पूर्ण होते. यंत्रे मतदान केंद्रांच्या क्रमाने येत असल्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत तालुक्याचा एकच भाग मोजला जाऊ शकतो, आणि ज्या गावांत उमेदवाराचे बळ आहे ती सुरुवातीला आली की त्याची आघाडी मोठी दिसते. फलक मात्र 40 मतांनी पुढे असलेल्या उमेदवारालाही एक जागा देतो आणि 40 हजारांनी पुढे असलेल्यालाही एकच. कर्नाटकात 2018 मध्ये 222 जागांची मोजणी सुरू असताना भाजपचा आकडा सकाळी बहुमताच्या 112 पलीकडे गेलेला दिसत होता, पण अखेरीस तो 104 वर थांबला. सकाळच्या फलकाने खोटे सांगितले नव्हते; त्यातल्या काही जागा फक्त आघाडीच्या होत्या.

भाकीत मात्र न मोजलेल्या मतांविषयीच असते. अमेरिकी वाहिन्यांचा निर्णयकक्ष मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या मुलाखती, निवडक केंद्रांतले प्रत्यक्ष निकाल आणि मोजली गेलेली मते एकत्र करून ‘आता मागे असलेल्याला गाठणे शक्य नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि तो वाहिनीच्या नावाने जाहीर करतो. त्याला सरकारी शिक्का नसतो. आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी विजयाचे प्रमाणपत्र देतो, तसा तिथलाही अधिकृत निकाल वाहिन्यांच्या नंतर, राज्याच्या यंत्रणेकडून येतो.

या दोन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच राज्यात चुकल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 7 नोव्हेंबर 2000 ची फ्लोरिडा. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांच्यात ती लढत होती. त्या प्रसारणाबद्दल पसरलेली विधाने तपासायची, तर कोणती चूक कोणत्या प्रकारची होती हे आधी वेगळे करावे लागते.

पहिले विधान असे, की ‘फ्लोरिडातले मतदान संपल्यावर वाहिन्यांनी अल गोर यांना विजयी ठरवले’. घड्याळ पाहिले की हे टिकत नाही. पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार पहिली घोषणा रात्री आठच्या सुमारे दहा मिनिटे आधी झाली. फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा पट्टा मात्र एक तास मागच्या कालविभागात आहे आणि तिथली केंद्रे पूर्वेच्या आठ वाजता बंद होणार होती. म्हणजे घोषणा झाली तेव्हा राज्याच्या एका भागात मतदान सुरू होते. ही घोषणा भाकीत होती आणि तिचा मुख्य आधार बाहेर पडणाऱ्या मतदारांच्या मुलाखती व निवडक केंद्रे हा होता. मोठ्या वाहिन्या आणि असोसिएटेड प्रेस यांना सगळी माहिती एकाच सामायिक सेवेकडून मिळत होती, त्यामुळे एकाची चूक सर्वांची झाली. दहाच्या सुमारास ही घोषणा मागे घेतली गेली.

दुसरी चूक मध्यरात्रीनंतरची. 2 वाजून 16 मिनिटांनी फॉक्स न्यूजने जॉर्ज बुश यांना फ्लोरिडा आणि त्यामुळे अध्यक्षपद दिले, आणि पुढच्या काही मिनिटांत इतर मोठ्या वाहिन्यांनीही तेच केले. हीही मुलाखतींवरून झालेली चूक, असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. या वेळी आधार प्रत्यक्ष मोजलेल्या मतांचा होता आणि चुकली ती आघाडीच. व्होल्यूशिया जिल्ह्यात जेमतेम सहाशे मतदारांच्या एका केंद्राची नोंद सदोष आल्यामुळे गोर यांच्या खात्यातून 16 हजारांहून अधिक मते वजा झाली होती. पडद्यावर बुश यांची आघाडी सुमारे 51 हजार दिसत होती, ती अशा नोंदींमुळे जवळजवळ 20 हजारांनी फुगलेली होती. शिवाय सुमारे 1 लाख 80 हजार मते उरली आहेत असा हिशेब धरला होता, प्रत्यक्षात साडेतीन लाखांहून अधिक उरली होती, आणि त्यांतली बरीच गोर यांच्या प्रभावाच्या पाम बीच भागातली.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. किरकोळ उमेदवार बाजूला ठेवले, तर 51 हजारांची पिछाडी 1 लाख 80 हजार मतांत भरून काढायला गोर यांना त्यांपैकी सुमारे 64 टक्के मते हवी होती. हे अशक्यप्राय दिसते आणि घोषणा करावीशी वाटते. पण पिछाडी 31 हजारांची आणि उरलेली मते साडेतीन लाख धरली, तर लागतात सुमारे 54 टक्के, आणि गोर यांच्या बालेकिल्ल्यात ती सहज मिळण्यासारखी होती. आघाडीच्या आकड्यापुढे उरलेल्या मतांचा आकडा लिहिला नाही, तर ती किती भक्कम आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

‘सगळ्यांनीच बुश यांना विजयी ठरवले होते’ हे तिसरे विधानही खरे नाही. असोसिएटेड प्रेसने त्या रात्री ती घोषणा केली नाही, आणि माहिती पुरवणाऱ्या सामायिक सेवेनेही केली नाही. गोर यांनी मात्र वाहिन्या पाहून बुश यांना फोनवर पराभव मान्य केला आणि थोड्याच वेळात पुन्हा फोन करून तो मागे घेतला. ही गोष्ट खरी आहे. चारच्या सुमारास वाहिन्यांनी दुसरी घोषणाही मागे घेतली. फ्लोरिडातल्या फेरमोजणीच्या वादावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 12 डिसेंबरला आला आणि बुश यांच्या बाजूने अधिकृत फरक 537 मतांचा राहिला.

म्हणून त्या रात्रीची कोणतीही चित्रफीत समोर आली, की आधी पडद्यावरची वेळ व कालविभाग पाहावा, मग शब्द पाहावा. ‘पुढे’ आहे की ‘विजयी’, आणि विजयी असेल तर ते कोण म्हणते आहे, वाहिनी की राज्य.

आपल्याकडचा ताळा घ्यायचा, तर 2021 ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक घ्यावी. अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग या आठ क्षेत्रांची मोजणी वेगवेगळ्या टेबलांवर एकाच वेळी चालते आणि त्यांच्या फेऱ्या एकाच गतीने संपत नाहीत. 2 मे रोजी मंगला अंगडी यांना 4,40,327 आणि सतीश जारकीहोळी यांना 4,35,087 मते मिळाली, म्हणजे फरक 5,240 चा. महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके यांना 1 लाखाहून अधिक मते होती, त्यामुळे वरचा दोन उमेदवारांचा हिशेबही इथे जसाच्या तसा चालत नाही. इतक्या अरुंद फरकात पडद्यावर दहा हजारांची आघाडी दिसली, तरी कोणत्या क्षेत्राच्या किती फेऱ्या बाकी आहेत हे कळेपर्यंत तिला आघाडीच म्हणावे लागते.