एका हजेरीचा हिशेब

जिमची वर्षाची फी परवडते की नाही हे ठरवताना आपण ती बहुधा बाराने भागतो. भागायची असते ती प्रत्यक्ष हजेरीच्या दिवसांनी. मी धायरीत राहतो. घरापासून चार किलोमीटरवरील एका जिमची १४,५०० रुपये फी मी एकरकमी भरली, तेव्हा आठवड्यातून तीनदा, म्हणजे वर्षात १५६ वेळा जाण्याचा बेत होता आणि त्या हिशेबाने एका वेळेचे ९३ रुपये पडत होते. व्यायामाच्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारण्याची सवय असल्याने वर्षअखेरीस खरा आकडा कळला. फुल्या ५८ होत्या. एका वेळेला २५० रुपये.

यात माझा आळस आहेच, पण तो माझ्या एकट्याचा नाही. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते, त्यामुळे त्यांना एक भेट १७ डॉलरहून महाग पडत होती. त्याच क्लबांत दहा भेटींचा पास घेतला असता तर एका भेटीला दहा डॉलर लागले असते. फी भरताना माणूस उद्याच्या स्वतःवर जरा जास्तच विश्वास टाकतो.

माझ्या फुल्यांकडे नीट पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. जुलै आणि ऑगस्टमध्ये मिळून सहाच फुल्या होत्या. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी ते चार किलोमीटर कापायला दुचाकीवरून वीस मिनिटे लागत, पावसात त्याहून जास्त, म्हणजे पन्नास मिनिटांच्या व्यायामासाठी किमान चाळीस मिनिटे रस्त्यावर जात. मात्र येथे एकूण प्रवास मोजून उपयोग नाही, व्यायामामुळे वाढलेला प्रवास मोजावा. तेच जिम ऑफिसहून घरी येण्याच्या वाटेवर असते, तर वाढीव वेळ गाडी लावण्यापुरता उरला असता. घरी येऊन, चहा घेऊन पुन्हा बाहेर पडावे लागत असेल, तर घराजवळचे जिमही लांबच पडते.

दुसऱ्या वर्षी मी सात हजार रुपयांत डंबेलचे दोन रॉड, ४० किलो प्लेट्स आणि जाड रबरी मॅट घेतली. मॅट खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी. खर्चाचा आणि प्रवासाचा प्रश्न मिटला, आता प्रश्न होता तो वजन वाढवत नेण्याचा, आणि घरचा व्यायाम अडतो तो बहुधा येथेच. स्नायू वाढतो तो सेटचे शेवटचे काही रेप्स खरोखर जड गेले तर. वजन हलके असले तरी थकेपर्यंत केल्यास स्नायूचा आकार जवळपास तेवढाच वाढतो, मात्र ताकद वाढवण्यासाठी जड वजन सरस ठरते. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला जवळपास ४५ किलो. छातीसाठी नवशिक्याला एवढे पुष्कळ झाले.

अडचण येते ती खांद्यांसारख्या लहान स्नायूंना. डंबेलच्या दोन्ही टोकांना सारखीच प्लेट लावावी लागते, त्यामुळे सर्वात लहान प्लेट सव्वा किलोची असेल, तर वजन एकदम अडीच किलोंनी वाढते. हात बाजूला उचलण्याच्या व्यायामात पाचवरून साडेसातवर जाणे म्हणजे एकदम ५० टक्के वाढ. मी ती केली, आणि दुसऱ्याच सेटला कंबर मागे झुकवून झोका देऊन डंबेल वर नेऊ लागलो. वजन खांद्याला झेपत नसल्याची ही पक्की खूण आहे. पुन्हा पाच किलोंवर येऊन आठ रेप्सपासून वीसपर्यंत पोचल्यावरच साडेसात उचलले, तेव्हा नऊ रेप्स सरळ पाठीने झाले. जिममध्ये मधल्या वजनांचे तयार डंबेल रॅकवर असतात, तेथे ही कसरत करावी लागत नाही.

पायांचे नेमके उलटे आहे. त्यांना अडीच किलोंची वाढ जाणवतही नाही, आणि दोन पायांवरच्या बैठकांना घरातली सगळी वजने लवकरच अपुरी पडतात. म्हणून मी मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायावर बैठका काढतो, त्यामुळे बहुतेक भार पुढच्या पायावर येतो. दोन्ही हातांत वीस-वीस किलो घेऊन अशा वीसहून अधिक बैठका सहज निघू लागल्या, की ताकद वाढवण्यासाठी माझे घर संपले असे समजून मी पुन्हा फी भरेन, तीही महिन्या-महिन्याने आणि ऑफिसच्या वाटेवरच्या जिमची. सध्या प्रत्येक हातात साडेबारा किलो आहेत आणि उरलेल्या प्लेट्स पलंगाखाली आहेत.