एसएसडी, डीफ्रॅग आणि ट्रिम

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे उचलून सलग मांडण्याची प्रक्रिया. ट्रिम म्हणजे संगणकाने एसएसडीला, म्हणजे चिपांमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कला, दिलेली सूचना : अमुक क्रमांकांच्या जागांवरची माहिती आता कोणाला नको आहे, ती जपत बसू नये. विंडोजमध्ये ही दोन्ही कामे एकाच खिडकीतून, एकाच बटणाने होतात, म्हणून ती एकाच देखभालीची दोन नावे असावीत असे वाटते. प्रत्यक्षात डीफ्रॅग फाइली हलवतो, तर ट्रिम एकही फाइल हलवत नाही. वाशीच्या बाजार समितीतल्या पेढ्या किंवा ठाण्याच्या नौपाड्यातली सीए कार्यालये यांच्या जुन्या संगणकांत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली जाते, पण एएमसीवाल्याच्या यादीतले ‘महिन्यातून एकदा डीफ्रॅग’ हे कलम तसेच राहते. ते का काढावे आणि त्याच्या जागी काय पाहावे, हा या नोंदीचा विषय आहे.

हार्ड डिस्कवर डीफ्रॅग का लागत असे

हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारे वाचक शीर्ष असते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवा तो भाग शीर्षाखाली येण्याची सरासरी वाट ४ मिलिसेकंदांच्या आसपास. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण ९ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर प्रत्येक नव्या तुकड्यामागे १३ मिलिसेकंद केवळ पोहोचण्यात जातात. १०० एमबीची फाइल २००० तुकड्यांत विखुरली असेल, तर निव्वळ धावाधाव २६ सेकंदांची होते. तीच फाइल सलग असली तर एखाद्या सेकंदात वाचून होते. हा फरक डोळ्यांना दिसणारा होता आणि डीफ्रॅगची सवय त्यातूनच लागली. ती चुकीची नव्हती. आजही फिरत्या डिस्कवर ती योग्यच आहे.

एसएसडीत फिरणारे किंवा सरकणारे काहीही नाही. कुठल्याही तुकड्यापर्यंत पोहोचायला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. वरच्या २००० तुकड्यांचा हिशेब येथे फार तर ०.२ सेकंदाचा होतो, आणि एसएसडीचा कारभार पाहणारा तिच्यातलाच कंट्रोलर अनेक चिपांतून एकाच वेळी वाचत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

डीफ्रॅग नेमके काय हलवतो

वेळ वाचत नाही एवढेच असते तर डीफ्रॅग निरुपयोगी पण निरुपद्रवी ठरला असता. पण एसएसडीवर तो जे करतो असे आपण समजतो, तेच मुळात घडत नाही. विंडोजला डिस्क ही ओळीने लावलेल्या क्रमांकांची रांग दिसते. हार्ड डिस्कवर लागोपाठचे क्रमांक बहुधा तबकडीवरही शेजारी असत. एसएसडीत मात्र हे क्रमांक आणि चिपमधली खरी जागा यांच्यामध्ये कंट्रोलरने राखलेला एक तक्ता असतो, आणि तो तक्ता सतत बदलत असतो. शीतगृहाच्या पावत्यांचे क्रमांक लागोपाठ असले म्हणून पोती शेजारी रचलेली आहेत असे होत नाही, तसे हे आहे. डीफ्रॅग पावत्या ओळीने लावतो. माहिती कुठे ठेवायची हे कंट्रोलर ठरवतो, आणि वेगासाठी तो ती मुद्दाम अनेक चिपांत पसरून ठेवतो.

मात्र क्रमांक बदलण्यासाठी विंडोजला माहिती वाचून पुन्हा लिहावी लागते, आणि हे लिहिणे खरे असते. प्रत्येक लेखनाने चिपच्या आयुष्यातला थोडासा भाग खर्च होतो. सध्या सर्रास मिळणाऱ्या टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये प्रत्येक ब्लॉक, म्हणजे एका वेळी पुसला जाणारा भाग, साधारण एक ते तीन हजार वेळा पुसता येतो.

येथे एक अतिशयोक्ती दूर करायला हवी. महिन्यातून एकदा डीफ्रॅग केल्याने एसएसडी मरत नाही. दर वेळी ६० जीबी हलले, तर वर्षाला ७२० जीबी होतात. २४० जीबीच्या एसएसडीची हमी अनेकदा ८० टीबी किंवा अधिक लेखनाची असते, म्हणजे हा खर्च वर्षाला एक टक्क्याच्या आसपास पडतो. दररोज चालणारे वेळापत्रक असेल तर मात्र हिशेब पालटतो : रोजचे २० जीबी म्हणजे वर्षाला सात टीबींहून अधिक, आणि तेही काहीच न मिळवता.

रिकामी जागा एसएसडीला कशी कळते

एसएसडीची खरी गरज वेगळी आहे. चिपमध्ये लिहिण्याचे एकक पेज, साधारण ४ ते १६ केबीचे. पुसण्याचे एकक ब्लॉक, ज्यात शेकडो पेज असतात. लिहिलेल्या पेजवर थेट दुसरे काही लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून नवी माहिती नेहमी आधीच पुसलेल्या पेजवर जाते आणि जुने पेज बाद ठरते. अशी पुसलेली पेज कमी पडू लागली की कंट्रोलर एखादा ब्लॉक निवडतो, त्यातली कामाची पेज दुसरीकडे उतरवतो आणि तो ब्लॉक पुसतो.

आता अडचण अशी की फाइल डिलीट केल्यावर विंडोज फक्त आपल्या सूचीत खूण करते. ट्रिम नसेल तर एसएसडीपर्यंत काहीच पोहोचत नाही. त्या क्रमांकांवर पुढे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत कंट्रोलर ती मेलेली फाइल जिवंत समजून जपतो, आणि ब्लॉक बदलताना तीही उचलून नेतो.

एक ब्लॉक घेऊ, २५६ पेजचा. त्यातली ६४ पेज बाद झाली आहेत हे कंट्रोलरला ठाऊक आहे. उरलेल्या १९२ पैकी १५० पेज डिलीट केलेल्या फाइलची आहेत, पण ते त्याला माहीत नाही. तो १९२ पेज दुसरीकडे लिहील आणि ६४ पेजची जागा मिळवेल. म्हणजे ६४ पेज नवी माहिती सामावण्यासाठी एकूण २५६ पेज लिहिली गेली, चौपट. ट्रिमने ती १५० पेज बाद असल्याचे कळवले असेल, तर केवळ ४२ पेज हलवून २१४ पेज मोकळी होतात आणि हेच प्रमाण १.२ पटीवर येते. एसएसडीचा वेग आणि आयुष्य दोन्ही या प्रमाणावर अवलंबून असतात.

ही सूचना देण्याची सोय विंडोजमध्ये २००९ साली विंडोज ७ पासून आली. लिनक्समध्ये ती ext4 या फाइल सिस्टिमसाठी २०१० च्या सुमारास आली. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा ती स्वतःहून पाठवत नाहीत.

एक उदाहरण : वाशीतली पेढी

कांदा-बटाटा बाजारातल्या एका पेढीचा बिलांचा संगणक कल्पू. ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून तिची हुबेहूब प्रत २४० जीबीच्या एसएसडीवर उतरवली. वर्षभर सारे वेगात चालले. मार्चअखेर हिशेबांचे बॅकअप घेताना पहिले दोन-तीन जीबी भरभर जातात आणि मग वेग कोसळतो. डिस्कवर केवळ ९ जीबी मोकळे आहेत.

प्रथम `Defragment and Optimize Drives` ही खिडकी उघडावी. तेथे माध्यम `Solid state drive` असे दिसायला हवे. प्रत उतरवलेल्या संगणकात कधी कधी जुनेच `Hard disk drive` राहते आणि विंडोज ठरलेल्या वेळी खरोखरचा डीफ्रॅग चालवते. तसे असल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून `winsat formal` चालवले की ओळख बहुधा सुधारते. मग ट्रिम सुरू आहे का ते पाहावे :

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात NTFS पुढे 0 असेल तर ट्रिम सुरू, 1 असेल तर बंद. नाव उलट असल्यामुळे येथे गडबड होते. ‘संगणक वेगवान करा’ म्हणणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते 1 केलेले असू शकते. या पेढीत तसेच निघाले असे धरू :

```
fsutil behavior set DisableDeleteNotify 0
```

एवढ्याने यापुढे डिलीट होणाऱ्या फाइलींचीच सूचना जाते. मधल्या वर्षभरात डिलीट झालेल्या फाइली एसएसडीच्या लेखी अजून जिवंतच असतात. त्यासाठी सगळ्या मोकळ्या जागेची सूचना एकदम पाठवावी, पॉवरशेलमधून :

```
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

त्याआधी जुनी, नको असलेली बिले व बॅकअप हलवून ४० जीबीच्या आसपास जागा मोकळी करणे चांगले. जागा मोकळी करण्याचे कारण वेगळेही आहे. बऱ्याच टीएलसी एसएसडी आपल्या मोकळ्या भागाचा काही हिस्सा वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरतात, आणि डिस्क भरत गेली की तो साठा आक्रसतो. म्हणून सुरुवातीला वेग आणि मग घसरण एवढ्यावरून ‘ट्रिम बंद आहे’ असा निष्कर्ष काढू नये. भरपूर जागा असून, ट्रिम सुरू असून, काही तास संगणक निवांत ठेवूनही वेग येत नसेल, तर दोष इतरत्र शोधावा.

शेवटी, बाहेरून बसवलेला डीफ्रॅग प्रोग्राम काढावा, पण विंडोजचे स्वतःचे आठवड्याचे वेळापत्रक बंद करू नये. ‘एसएसडीला डीफ्रॅग नको’ हे ऐकून अनेक जण तेच बंद करतात. विंडोज ८ पासून एसएसडीवर त्या वेळापत्रकातून मुख्यतः ट्रिमच जाते. सिस्टिम रिस्टोअरसाठी ठेवलेल्या प्रती सुरू असल्यास विंडोज महिन्यातून एकदा मर्यादित डीफ्रॅगही करते. फार तुकडे झालेल्या फाइलीची नोंद ठेवण्याला फाइल सिस्टिमलाच मर्यादा असते, हे त्याचे कारण. त्यात ढवळाढवळ करण्याची गरज नाही.

डिलीट केलेले परत मिळणे

जुन्या सवयींपैकी सर्वांत महाग पडणारी ही. हार्ड डिस्कवर चुकून डिलीट झालेला हिशेबांचा फोल्डर रिकव्हरी प्रोग्रामने बऱ्याचदा परत मिळे, कारण त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो तबकडीवर असे. रिसायकल बिनमध्ये असलेली फाइल अजून डिलीट झालेली नसते, तोवर धोका नाही. पण बिन रिकामी केली की ट्रिम बहुधा लगेच जाते, आणि त्यानंतर ते क्रमांक वाचले तर अनेक एसएसडी केवळ शून्ये परत देतात. दुकानात नेईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो.

उलट बाजूने, जुना संगणक विकताना फाइलींवर तीन किंवा सात वेळा निरर्थक माहिती लिहिण्याची पद्धतही एसएसडीवर भरवशाची नाही. प्रत्येक लेखन नव्या पेजवर जात असल्याने जुने पेज तसेच मागे राहू शकते. तेथे उत्पादकाच्या प्रोग्राममधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा.

ट्रिम जिथे पोहोचत नाही

विंडोजने सूचना पाठवली म्हणजे ती एसएसडीला मिळाली असे नाही. यूएसबीच्या डब्यात घातलेल्या एसएसडीबाबत मधली चिप बऱ्याचदा ती पुढे जाऊ देत नाही. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या काही RAID कार्डांमध्येही तेच होते. लिनक्समध्ये LUKS ने कूटबद्ध केलेल्या डिस्कवर ट्रिम मुळात बंद असते, कारण मोकळी जागा कोणती हे बाहेरून कळू नये असा हेतू असतो. लिनक्सवर डिस्क ट्रिम स्वीकारते का ते असे पाहता येते :

```
lsblk --discard
```

`DISC-GRAN` आणि `DISC-MAX` या दोन्ही स्तंभांत शून्य असेल, तर त्या मार्गाने ट्रिम जात नाही. विंडोजवर `Optimize-Volume` ने ही क्रिया चालत नसल्याचा संदेश दिला, तर अर्थ तोच. अशा डिस्कचा काही भाग, समजा दहा-पंधरा टक्के, पार्टिशन न करता कोरा सोडला तर कंट्रोलरला हलवाहलवीसाठी जागा राहते. मात्र हा भाग नव्या किंवा सिक्युअर इरेज केलेल्या डिस्कवरच सोडायला हवा. आधी भरून गेलेली जागा नंतर पार्टिशनमधून वगळली, तरी ती रिकामी झाल्याचे एसएसडीला कळलेले नसते.