गृहीतके दाखवून मांडलेले आर्थिक अंदाज

स्टार्टअपच्या पिचमध्ये पुढच्या काळातील विक्री-खर्चाचे आकडे ज्या गृहीतकांवर उभे असतात, ती गृहीतकेही आकड्यांसोबत समोर ठेवण्याची पद्धत. त्यामुळे गुंतवणूकदाराला हिशेबाच्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता येते.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि जॉबवर्कची वर्कशॉप आहेत. समजा, इथला एक स्टार्टअप सीएनसी मशीन किती वेळ चालले आणि किती वेळ बंद राहिले हे मोजणारे उपकरण भाड्याने देतो. त्याची गृहीतके अशी: महिन्याला 80 भेटी, दहात एक ग्राहक, प्रत्येकाकडे 3 मशीन, दर मशीनला महिना 800 रुपये, आणि वर्षभरात कोणी सोडून जात नाही. म्हणजे दर महिन्याला 24 मशीन वाढतात आणि पहिल्या वर्षाचे एकूण बिल 14,97,600 रुपये होते.

नुसते ‘पंधरा लाख’ म्हटले असते, तर ऐकणारा मान डोलावून गप्प बसला असता. गृहीतके दिसताच पहिला प्रश्न येतो: दहात एक म्हणजे दहा भेटींत की दहा वर्कशॉपांत? एकाच मालकाकडे तीन खेपा घालाव्या लागत असतील, तर 80 भेटींत जेमतेम 27 दारे होतात. पुढे कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला जायचे म्हटले, तर शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात भेटी आणखी घटतात.

खरी गोम बहुधा वसुलीत सापडते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची लेखी करारातली मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून संस्थापक 45 लिहून मोकळा होतो. पण ‘वरनं पेमेंट आलं की देतो’ म्हणणाऱ्या मालकाची उधारी तीन महिने लांबली, तर त्याच वर्षात हातात 8,64,000 रुपयेच येतात. बिल तेवढेच राहते, पगाराला मात्र सव्वासहा लाखांहून अधिक कमी पडतात.

एक्सेलमध्ये गृहीतकांचे पान वेगळे असते. हाताने भरलेले आकडे निळे आणि सूत्रे काळी ठेवण्याचा प्रघात आहे. त्या पानावर B2 मध्ये 80, B3 मध्ये 10 आणि B4 मध्ये 3 असेल, तर महिन्याच्या 24 मशीनचे सूत्र असे:

```
=Assumptions!B2/Assumptions!B3*Assumptions!B4
```

प्रत्येक गृहीतकापुढे ते कुठून आले, तेही लिहितात: चाचणीतून, कोटेशनवरून की निव्वळ अंदाजाने. ‘अंदाज’ असे स्वच्छ लिहिलेली ओळ बैठकीत सहसा तग धरते. आधार असल्याचा आव आणलेली ओळ दुसऱ्याच प्रश्नाला कोसळते. सूत्रातच `*1.2` असा आकडा दडवला असेल, तर `` Ctrl+` `` दाबून सगळी सूत्रे उघडी करताच तो दिसतो.

गृहीतक दिसते म्हणून ते बरोबर ठरत नाही. शिवाय गृहीतके एकमेकांत गुंतलेली असतात. भाडे 1,000 केले, तर दहात एक ग्राहक हे प्रमाण टिकेलच असे नाही, आणि शीट ते आपणहून सांगत नाही.